गाळा रिकामा करून मागताना : मालकाची गरज आणि भाडेकरूची अडचण

महाराष्ट्रात दुकानाचा भाडेकरू आणि जागेचा मालक यांच्यातले कितीतरी दावे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधल्या एकाच तरतुदीवर चालतात. कलम १६, पोटकलम (१), खंड (जी). कोर्टात तिला ‘सोळा-एक-जी’ म्हणतात. जागा मालकाला स्वतःच्या वापरासाठी वाजवीपणे आणि प्रामाणिकपणे हवी असेल, तर ताबा मागता येतो, असं ती सांगते. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम लगेच भाडेकरूच्या बाजूनं उभं राहतं. हे दावे वर्षानुवर्षं लढलेल्या दोन वकिलांमधला हा संवाद आहे. ताई बहुतेक वेळा मालकांच्या बाजूनं उभ्या राहतात, तर नाना भाडेकरूंच्या. बोलायला नेमकं काहीतरी हवं म्हणून दोघांनी एक कल्पित प्रकरण समोर ठेवलं आहे.

पुण्याच्या पेठेतला एक जुना वाडा. मालकीण बासष्ट वर्षांच्या, पती वारलेले. रस्त्याच्या बाजूला दोन गाळे आहेत. मोठा गाळा १६ फूट रुंद आणि १५ फूट खोल, म्हणजे २४० चौरस फूट. त्याला दोन शटर. तिथं १९७४ पासून वह्या-पुस्तकं आणि शालेय साहित्याचं दुकान आहे, भाडं महिना ४०० रुपये. मूळ भाडेकरू वारले, आता त्यांचा मुलगा दुकान चालवतो. शेजारचा लहान गाळा १३० चौरस फुटांचा, तो मोबाइल दुरुस्तीवाल्याला लीव्ह अँड लायसन्सनं दिलेला आहे, महिना १८,००० रुपयांवर. मालकिणीच्या मुलाचं डी. फार्म. झालं आहे. तो दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये नोकरी करतो आणि आता त्याला स्वतःचं मेडिकल काढायचं आहे. त्यासाठी मोठा गाळा हवा.

ताई : माझ्या दृष्टीनं प्रकरण सरळ आहे, नाना. जागा त्यांची, मुलगा त्यांचा, शिक्षण त्या धंद्याचं. ४०० रुपये भाड्यावर पेठेतला गाळा पन्नास वर्षं दिला. आता घरातल्याच माणसाला पोटापाण्यासाठी तो हवा आहे. आणखी काय सिद्ध करायचं?

नाना : भाडं कमी आहे हा मुद्दा तुम्ही दाव्यात घालूच नका, ताई. भाडं कमी असणं हे ताबा मागण्याचं कारण कायद्यात कुठंही नाही. उलट तुम्ही ते ठासून मांडलंत, तर मी उलटतपासात तेच धरीन आणि विचारीन की बाईंना मुलासाठी जागा हवी आहे, की जुना भाडेकरू काढून नवा जास्त पैशाचा आणायचा आहे?

ताई : मान्य. मग गरजेवरच बोलू. कायदा ‘मालकाच्या स्वतःच्या वापरासाठी’ म्हणतो, तरी त्यात अवलंबून असलेला मुलगा येतो. आईचा गाळा आहे आणि मुलगा तिथं धंदा करणार आहे, यावर आता कुणी वाद घालत नाही.

नाना : मीही घालणार नाही. माझ्याकडे येणारे अशील मात्र पहिल्यांदा हेच सांगतात. ‘गाळा बाईंच्या नावावर आहे, मुलाच्या नाही.’ किंवा ‘मुलाला धंद्याचा अनुभव नाही.’ किंवा ‘त्याच्याकडे भांडवल कुठं आहे?’ या तिन्हींवर खटला उभा केला तर तो पडतो.

ताई : १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ते स्पष्ट केलं. मालक नोकरदार होता आणि त्याच्या कारखान्यात टाळेबंदी होती. त्याला किराणा दुकान काढायचं होतं. खालच्या कोर्टांनी विचारलं, अनुभव कुठं, पैसे कुठं, नोकरी तर अजून सोडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं ती दृष्टीच चूक ठरवली. माणसानं आधी नोकरी सोडून उपाशी बसावं आणि मग गाळा मागावा, अशी अपेक्षा कायदा करत नाही. बँकेत रक्कम दाखवायचीही सक्ती नाही.

नाना : मेडिकलच्या बाबतीत तर ते अधिकच खरं. औषधविक्रीचा परवाना जागेशी बांधलेला असतो. आधी जागा दाखवायची, मग परवाना. त्यामुळे ‘परवाना आणा, मग ताबा देतो’ हे उत्तर भाडेकरूला चालत नाही.

ताई : मग तुमच्याकडे उरलं काय?

नाना : शेजारचा गाळा.

ताई : मला वाटलंच होतं.

नाना : नीट ऐका. किरकोळ औषधविक्रीसाठी औषध नियमांप्रमाणे किमान १० चौरस मीटर जागा लागते. म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. लहान गाळा १३० चौरस फुटांचा आहे. मुलगा शिकलेला आहे, गाळा बाईंच्याच मालकीचा आहे, आणि कायद्यानं लागणारी जागा त्यात बसते. मग तो मोबाइलवाल्याला का दिला? आणि दावा दाखल व्हायच्या दोन महिने आधी त्याच मोबाइलवाल्याचा करार नव्यानं नोंदला गेला असेल, तर माझं निम्मं काम तिथंच झालं. हा करार नोंदणीकृत असतो, त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळते. ती मी कैफियतीसोबत जोडीन.

ताई : माझं उत्तर तयार आहे. त्या १८,००० रुपयांवर बाईंचं घर चालतं. शिवाय कुठली जागा आपल्या धंद्याला योग्य, हे मालकानं ठरवायचं असतं. १०८ चौरस फूट हा परवान्याचा किमान आकडा आहे, चांगल्या दुकानाचा नाही. फ्रिज, साठ्याची कपाटं, मुदत संपलेला माल वेगळा ठेवायची जागा, बसायला आणि बिल करायला काउंटर हे सगळं हवं. भाडेकरूनं मालकाला ‘तू लहान जागेत भागव’ असं सांगायचा अधिकार नाही, हे न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे.

नाना : म्हटलं आहे, आणि तेही मला मान्य आहे. पण ‘मालक आपल्या गरजेचा उत्तम न्यायाधीश’ या वाक्याला एक अट चिकटलेली आहे. गरज खरी हवी, नुसती इच्छा नको. ती खरी आहे का, हे कोर्ट वागणुकीवरून पाहतं. मला सांगा, बाईंनी दाव्यात लहान गाळ्याचा उल्लेख केला आहे का?

ताई : केला नसेल तर?

नाना : तर मी त्यावरच भर देईन. आपल्याकडे दुसरी जागा आहे हे दाव्यात लपवलं, आणि उलटतपासात ‘हो, आहे’ असं कबूल करावं लागलं, तर गरजेचा प्रामाणिकपणाच शंकास्पद होतो. मग १८,००० रुपयांचं स्पष्टीकरण कितीही खरं असलं, तरी ते उशिरा सुचलेलं दिसतं.

ताई : म्हणून मी प्रत्येक मालकाला सांगते की आपल्या नावावरच्या, नवऱ्याच्या, मुलांच्या सगळ्या जागा दाव्यातच लिहा. कुठली कुणाला कधी दिली, किती मापाची आहे, आणि ती या कामाला का चालत नाही, हे एकेका जागेपुढं लिहा. लहान गाळ्याबद्दल मी तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदातच लिहीन : १३० चौरस फूट, घरखर्चाचं साधन, अमुक तारखेपासून करारावर. मग नानांच्या प्रमाणित प्रतीत नवीन काही उरत नाही. आणि करार दाव्याच्या तोंडावर पुन्हा नोंदवायचा नाही, हे तर मी आधीच बजावून सांगीन.

नाना : तेवढं तुम्ही केलंत, तर गरजेच्या मुद्द्यावर तुम्ही बहुधा जिंकाल. ते मी मान्य करतो.

ताई : मग खटला संपला.

नाना : नाही ताई, तिथूनच माझा खटला सुरू होतो. कलम १६ चं दुसरं पोटकलम. गरज सिद्ध झाली तरी, सगळी परिस्थिती पाहून, ताब्याचा हुकूमनामा दिल्यानं जास्त अडचण होईल की नाकारल्यानं, हे कोर्टानं पाहायचं. मालकाला किंवा भाडेकरूला दुसरी वाजवी जागा मिळते का, हा त्यातला महत्त्वाचा भाग. भाडेकरूची अडचण जास्त ठरली, तर गरज खरी असूनही हुकूमनामा होत नाही.

ताई : आणि इथं भाडेकरू काय सांगतात? ‘पन्नास वर्षांचं दुकान, वडिलांची पुण्याई, गिऱ्हाईक बांधलेलं.’ जागा सोडताना प्रत्येक भाडेकरूला त्रास होतोच. तेवढ्यानं भागत असतं, तर हे कलम कधीच कुणाला लागू झालं नसतं. १९७९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. भाडेकरूला जागा सोडावी लागेल ही अडचण गृहीतच आहे, प्रश्न तुलनेचा आहे.

नाना : बरोबर. म्हणून मी अशिलाला पहिल्याच भेटीत विचारतो, नोटीस आल्यापासून तुम्ही दुसरी जागा शोधलीत का? बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. मग मी त्यांना सांगतो, आजपासून शोधा आणि शोधल्याचा कागद ठेवा. एजंटला भेटलात तर त्याच्याकडून लेखी घ्या. त्याच भागात १०० ते २५० चौरस फुटांचे गाळे किती भाड्यानं नोंदले गेले, त्या करारांच्या प्रती काढा. मागच्या काही वर्षांची जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं आणा, म्हणजे उत्पन्न किती आणि बाजारभावानं भाडं दिल्यावर हातात उरतं किती, हे कोर्टाला दिसेल. शालेय साहित्याचा धंदा जवळच्या शाळांवर चालतो, त्यामुळे दोन किलोमीटर पलीकडं जाणं म्हणजे नुसतं स्थलांतर नाही, धंदा बदलणंच. पण तेही शाळांची यादी आणि जूनच्या विक्रीचे आकडे देऊन दाखवावं लागतं, नुसतं सांगून होत नाही.

ताई : आणि तुमच्या भाडेकरूच्या बायकोच्या नावावर सिंहगड रस्त्याला ३०० चौरस फुटांचा गाळा निघाला तर? समजा, त्यात सध्या गोदाम आहे.

नाना : तर तुम्ही मला जसं विचाराल, तसंच मी तुम्हाला विचारलं होतं. तो मी लपवणार नाही. कैफियतीतच लिहीन आणि तिथं शाळा नाहीत, गोदामाशिवाय धंदा चालत नाही, हे मांडीन. उलटतपासात तो बाहेर आला, तर अडचणीचा सगळा मुद्दा हातचा जाईल, हे मला ठाऊक आहे.

ताई : म्हणजे दोन्ही बाजूंना एकच नियम.

नाना : एकच. आणि कैफियत वेळेत द्यायची. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत. फार तर ९० दिवसांपर्यंत सवलत मागता येते, पण त्याची सवय लावून घेऊ नये. कैफियतीत अडचणीचे तपशील नसले, तर पुढं पुरावा देताना समोरचा वकील हरकत घेतोच.

ताई : मग तुमच्या मते निकाल काय लागावा? सगळा गाळा भाडेकरूकडेच राहावा?

नाना : नाही. माझा खरा मुद्दा याच पोटकलमाच्या शेवटी आहे आणि तो अनेकदा मांडलाच जात नाही. जागेच्या काही भागापुरता हुकूमनामा दिला, आणि त्यानं मालकाची किंवा भाडेकरूची कुणाचीच अडचण होणार नाही असं दिसलं, तर कोर्टानं तेवढ्याच भागाचा हुकूमनामा द्यायचा असतो. हा गाळा १६ फूट रुंद आहे, त्याला दोन शटर आहेत. मधून भिंत घातली तर आठ बाय पंधराचे दोन गाळे होतात, प्रत्येकी १२० चौरस फूट, म्हणजे ११ चौरस मीटरहून थोडं जास्त. मेडिकलच्या परवान्याला ते पुरतं.

ताई : पुरतं, पण तुम्ही पुन्हा किमान आकड्यावर आलात. मालकाची गरज २४० चौरस फुटांची असेल, तर अर्ध्यात त्याची अडचण होणारच. आणि दोघांपैकी कुणाचीही अडचण होत असेल, तर भागापुरता हुकूमनामा लागू होत नाही.

नाना : म्हणूनच तुमच्या मुलाला साक्षीत दुकानाचा आराखडा दाखवावा लागेल. फ्रिज कुठं, कपाटं किती, काउंटर कुठं. पूर्ण २४० चौरस फूट का लागतात, हे त्याला कागदावर मांडता आलं नाही, तर अर्धा गाळा पुरेसा आहे हा माझा युक्तिवाद टिकतो. मी मात्र वास्तुविशारदाचा नकाशा जोडीन, आणि गरज पडली तर जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमा असा अर्ज देईन. मोजमाप कमिशनरनं केलं की त्यावर वाद उरत नाही.

ताई : एक सांगते नाना, भाडेकरूकडून ही मागणी कधीकधी शेवटच्या क्षणी येते, युक्तिवादाच्या दिवशी. तेव्हा पुरावा संपलेला असतो. खरंच अर्ध्या गाळ्यात भागणार असेल, तर पहिल्याच दिवशी म्हणा. मीही बाईंशी बोलेन. पुष्कळ दावे इथं तडजोडीत संपू शकतात आणि ते दोघांनाही परवडतं.

नाना : कारण न संपलेला दावा लांबतो. पुण्यात आधी लघुवाद न्यायालय, मग जिल्हा न्यायालयात अपील, ते ३० दिवसांत करायचं. पुढं दुसरं अपील नाही, पण उच्च न्यायालयात दाद मागता येते. त्यात वर्षं जातात. तोवर मुलगा चाळिशीला येतो आणि त्याची गरज बदलते.

ताई : तेही तुम्ही वापरता. ‘मुलानं दुसरीकडं मेडिकल काढलं, आता गरज संपली.’

नाना : वापरतो, आणि कायदा ते ऐकतो. दावा चालू असताना मालकाला दुसरी योग्य जागा ताब्यात आली आणि गरज पूर्णपणे भागली, तर कोर्ट ते विचारात घेतं. १९८१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यासाठी आहे.

ताई : पण २००१ चाही आहे. वडिलांनी डॉक्टर मुलाच्या दवाखान्यासाठी जागा मागितली होती. दावा इतका लांबला की दरम्यान मुलगा सरकारी नोकरीत गेला. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, गरज मुख्यतः दावा दाखल झाला त्या दिवशीची पाहायची. कोर्टाला उशीर लागला म्हणून मालकाला शिक्षा देता येणार नाही. तरुण माणूस जागेची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणार नाही. आपल्या मुलानं मधल्या काळात भाड्याच्या जागेत छोटं मेडिकल टाकलं, तर त्यानं गरज संपत नाही.

नाना : ते भाड्याचं मेडिकल असेल तर नाही संपत. लहान गाळा रिकामा होऊन तिथंच निघालं आणि नीट चालू लागलं, तर मी दुरुस्तीचा अर्ज देऊन ते रेकॉर्डवर आणीन. फरक तेवढाच, पण निकाल त्यावर फिरतो.

ताई : आणखी एक गोष्ट भाडेकरूंना माहीत हवी. खालच्या कोर्टात हरल्यावर अपिलात स्थगिती मिळते, पण फुकट मिळेलच असं नाही. २००४ नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे अपील चालू असेपर्यंत बाजारभावाच्या जवळपास भरपाई भरण्याची अट कोर्ट घालू शकतं. ४०० रुपये देणाऱ्याला मग महिन्याला काही हजार भरावे लागू शकतात. दुकानाच्या उत्पन्नात ते झेपतं का, हे अपील करण्याआधी पाहावं.

नाना : हे मी प्रत्येकाला सांगतो. आणि मालकांना सांगायचं ते तुम्ही सांगा.

ताई : सांगते. ताबा मिळाला की काम संपत नाही. कलम १७ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात जागेचा वापर सुरू करायला हवा. एका वर्षाच्या आत ती दुसऱ्याला भाड्यानं दिली, तर जुना भाडेकरू १३ महिन्यांच्या आत अर्ज करून जुन्याच अटींवर परत ताबा मागू शकतो. तेव्हा मुलगा खरंच मेडिकल काढणार नसेल, तर ताबा मागूच नये.

नाना : आणि भाडेकरूनं ताबा दिल्यावरही तेरा महिने लक्ष ठेवावं. शटर बंद आहे का, नवी पाटी लागली का, करार नोंदला गेला का.

ताई : दोन अपवादही सांगायला हवेत. हे सगळं संरक्षण सगळ्याच दुकानांना नाही. लीव्ह अँड लायसन्सवर बसलेल्याला भाडेकरूचे हे बचाव मिळत नाहीत. बँका, सरकारी उपक्रम, आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांच्या जागांना हा कायदाच लागू होत नाही. त्यांना नोटीस देऊन करार संपवता येतो, तिथं गरज दाखवायची नसते.

नाना : आणि पागडी. पागडी दिली आहे म्हणून मालकाला गरजेचा दावाच करता येत नाही, असं समजणारे खूप भेटतात. पागडी घेणं-देणं आता कायद्यात बसतं, पण त्यानं भाडेकरू मालक होत नाही. पागडीची पावती अडचणीच्या तुलनेत उपयोगी पडू शकते, पण गरजेच्या दाव्याला ती आपोआप अडवत नाही.

ताई : मग आपल्या प्रकरणात शेवटी काय?

नाना : बाईंनी दोन्ही गाळे दाव्यात मांडले, मुलानं आराखड्यासह साक्ष दिली आणि भाडेकरूनं जागा शोधलीच नाही, तर पूर्ण गाळा जाईल. भाडेकरूनं शोधल्याचे कागद दिले आणि अर्ध्या गाळ्याचा नकाशा पहिल्याच दिवशी ठेवला, तर भागापुरता हुकूमनामा हा मला न्याय्य निकाल वाटतो. आणि बाईंनी शेजारचा गाळा लपवला, तर दावा फेटाळला जाईल.

ताई : पहिल्या आणि तिसऱ्या शक्यतेशी मी सहमत आहे. दुसरीत मी मुलाच्या पूर्ण गरजेसाठी भांडेन. पण अर्धा गाळा लवकर मिळत असेल, तर घ्या असंच मी बाईंना सांगीन.

दोघांच्या बोलण्यातून वाचकानं घ्यायचं ते असं. मालकानं दावा लावण्याआधी आपल्या आणि कुटुंबाच्या प्रत्येक जागेची यादी करावी, ती जागा या कामाला का चालत नाही हे मापासह लिहावं, आणि गरज ज्याची आहे त्या मुलाला किंवा मुलीला साक्षीला उभं करण्याची तयारी ठेवावी. भाडेकरूनं नोटीस हातात पडल्याच्या दिवसापासून दुसरी जागा शोधायला लागावं, शोधल्याचा प्रत्येक कागद जपावा, आणि पन्नास वर्षांच्या आठवणींऐवजी अडचणीचे आकडे आणि गाळ्याचा नकाशा कैफियतीत द्यावा. या कलमाखालचे दावे भावनेवर नाही, कागदावर ठरतात.